टेप म्हणतो १९ मिमी, मशीन म्हणतं शून्य: लाइनआउटचे कर्ण जुळत नाहीत तेव्हा

प्रश्न: सर, २४ × १५ मीटरच्या इमारतीचे चार कोपरे को-ऑर्डिनेट टाकून टोटल स्टेशनने मारले. बॅकसाइटचं अंतर २ मिमीत जुळलं होतं. मशीनवर मिसिंग लाइन काढली तर दोन्ही कर्ण २८.३०२ येतात. सकाळी आठला स्टीलच्या टेपने मोजलं तर P1–P3 २८.३०२, पण P2–P4 २८.३२१. बाजू P1 पासून क्रमाने २४.००५, १५.००८, २४.००९, १५.००६. जमीन लेव्हल आहे. टेप चुकतोय का? मिस्त्री म्हणतात P2 ची खुंटी दोन सेंटीमीटर आत घ्या आणि खोदाई सुरू करा. घेऊ का?

```
        E          N
T1   1000.000   1000.000   (मशीन)
T2   1048.260   1003.415   (बॅकसाइट)
P1   1012.350   1018.600
P2   1035.390   1025.320
P3   1031.190   1039.720
P4   1008.150   1033.000
```

उत्तर:

खुंटी हलवू नका. टेप बहुतेक बरोबर आहे आणि मशीन स्वतःचीच चूक स्वतःला बरोबर म्हणून दाखवतंय. तुम्ही सहाही मापं दिलीत म्हणून हे इथे बसून सांगता येतंय. नुसतं "कर्णात १९ मिमी फरक" एवढंच लिहिलं असतं तर मला काहीच सांगता आलं नसतं.

आधी तुमच्या आकड्यांकडे नीट बघा. चारही बाजू लांब आल्यात, एकही आखूड नाही. खुंटी ठोकताना हात हलला, प्रिझमचा दांडा कलला, खिळा थोडा बाजूला गेला, अशा चुका असत्या तर एखादी बाजू लांब आणि एखादी आखूड आली असती. सगळ्याच लांब येतात तेव्हा चूक हाताची नसते, एखाद्या सेटिंगची असते.

दुसरी गोष्ट, एक कर्ण तंतोतंत बरोबर आणि दुसराच वाढलाय. मशीनमध्ये मागच्या कुणी स्केल फॅक्टर ०.९९९८ वगैरे ठेवून दिला असता, तर २४ मीटरला ५ मिमी आणि दोन्ही कर्णांना जवळपास ६ मिमी अशी सारखीच वाढ दिसली असती. नाशिक-पुण्याच्या रेखांशावर यूटीएम ग्रिडचा फरक मीटरमागे साधारण ०.२ मिमी एवढाच असतो, म्हणून डीजीपीएसवाल्यांनी वापरलेल्या मशीनमध्ये असा आकडा राहून गेलेला मी दोनदा पाहिलाय. इमारतीच्या लाइनआउटला तो १.०००००० च हवा. पण तुमच्याकडे वाढ एकाच कर्णात आहे, म्हणजे हे प्रकरण वेगळं आहे.

आता T1 वर उभं राहिल्यासारखी कल्पना करा. तिथून P1 ची दिशा ३३°३५' आणि P3 ची ३८° च्या जरा पुढे. दोन्ही जवळपास एकाच रेषेत, एक जवळ, एक लांब. P2 आणि P4 मात्र पंजाच्या फाकलेल्या बोटांसारखे दोन बाजूंना आहेत, त्यांच्यात ४०° हून जास्त कोन आहे. समजा मशीनने प्रत्येक खुंटी खऱ्या जागेपासून ३० मिमी लांब ढकलली. P1 आणि P3 दोघेही एकाच दिशेने सरकले, म्हणून त्यांच्यातलं अंतर बदललंच नाही. P2 आणि P4 आपापल्या दिशेने बाहेर गेले, म्हणून एकमेकांपासून लांब गेले. गणित केलं तर P1–P3 मध्ये पाव मिलिमीटरही फरक पडत नाही आणि P2–P4 १९.७ मिमीने वाढतो. बाजू येतात २४.००५, १५.००८, २४.००९, १५.००७. तुमच्या टेपच्या आकड्यांशेजारी ठेवून बघा.

सगळी अंतरं सरसकट ३० मिमीने चुकली म्हणजे माझ्या लेखी एकच संशयित उरतो, प्रिझम कॉन्स्टंट, म्हणजे प्रिझमच्या जातीनुसार मशीन प्रत्येक अंतरात करतं ती ठरावीक दुरुस्ती. भाड्याच्या मशीनसोबत बहुतेक वेळा ट्रायपॉडवरचा मोठा प्रिझम आणि हातातला मिनी प्रिझम असे दोन येतात. मोठा −३० चा असेल आणि मशीनमध्येही −३० असेल, तर बॅकसाइटचं अंतर छान जुळतं. मग खुंट्या मारताना हातात मिनी प्रिझम येतो, तो ० चा असतो आणि सेटिंग बदलायचं राहून जातं. मशीन प्रत्येक अंतरातून उगाच ३० मिमी वजा करतं. प्रिझम खऱ्या जागी असला तरी स्क्रीनवर अंतर ३० ने कमी दिसतं, मग तुम्ही प्रिझमवाल्याला "मागे, अजून मागे" म्हणता आणि तो ३० मिमी मागे गेल्यावर स्क्रीनवर शून्य येतं. तिथे खुंटी बसते.

यातली मेख अशी, की बरेच मिनी प्रिझम फ्रेममध्ये उलटसुलट बसवता येतात. एका बाजूने बसवला तर ०, फिरवून बसवला तर −३०. फ्रेमवर ते बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, पण धुळीत ते कोण वाचतो! काही कंपन्यांच्या मशीनवर तर शून्याची व्याख्याच वेगळी. लायकाचा नेहमीचा गोल प्रिझम तिच्या स्क्रीनवर ० असतो आणि तिचा छोटा प्रिझम +१७.५. दुसऱ्या कंपनीचा प्रिझम लायकावर लावला की आकडे परत बदलतात. म्हणून प्रिझमवरच्या आकड्यावर विश्वास टाकण्यापेक्षा मोजून बघितलेलं बरं.

मोजायचं असं. मशीन T1 वर आहेच. ज्या मिनी प्रिझमने खुंट्या मारल्या तोच, त्याच फ्रेममध्ये, सेटिंगला हात न लावता T2 च्या खिळ्यावर धरा आणि आडवं अंतर घ्या. को-ऑर्डिनेटवरून T1–T2 हे ४८.३८१ आहे. माझा अंदाज बरोबर असेल तर स्क्रीनवर `HD 48.351` च्या आसपास दिसेल. मग कॉन्स्टंट ० करा आणि पुन्हा घ्या, ४८.३८१ आलं पाहिजे. बॅकसाइट २ मिमीत जुळलं हे तुम्ही लिहिलंत, पण ते बहुतेक मोठ्या प्रिझमवर होतं. कोपरे ज्या प्रिझमने मारायचे, त्याच प्रिझमने बॅकसाइटचं अंतर एकदा तपासायचं, हा नियम याचसाठी आहे.

T1–T2 च्या को-ऑर्डिनेटवरच शंका असेल तर त्यांच्यावर अवलंबून न राहता कॉन्स्टंट काढता येतो. साधारण सरळ रेषेत तीन खिळे मारा, क, ख, ग. क वर मशीन लावून कख आणि कग मोजा, मग ख वर मशीन नेऊन खग मोजा. कख आणि खग ची बेरीज कग एवढी यायला हवी. प्रत्येक अंतर ३० ने कमी येत असेल तर बेरजेत ३० दोनदा वजा होतात आणि कग मध्ये एकदाच, त्यामुळे बेरीज ३० मिमीने आखूड पडते. वीस मिनिटांचं काम आहे, भाड्याचं मशीन आलं की पहिल्याच सकाळी करून टाकावं.

आता मिसिंग लाइनबद्दल, कारण तुमचा सगळा गोंधळ तिथे झालाय. ती काढताना मशीन त्याच T1 वर होतं, प्रिझम तोच होता, कॉन्स्टंटही तोच चुकीचा. खुंटी ३० मिमी लांब आहे आणि मशीन ३० मिमी कमी वाचतंय, म्हणजे मशीनच्या हिशेबात खुंटी अगदी जागेवर! दोन्ही कर्ण २८.३०२ येणारच. ज्याने वही लिहिली त्यालाच तपासायला बसवल्यासारखं झालं हे. मिसिंग लाइन निरुपयोगी नाही. खिळा ठोकताना हलला का, पी तीनच्या जागी पी चारचे आकडे टाकले का, हे तिच्यात कळतं. पण सेटिंगची चूक तिला कधीच दिसत नाही. ती पकडायला दुसऱ्याच जातीचं साधन हवं, आणि साइटवर ते म्हणजे स्टीलचा टेप.

मिस्त्रींच्या सल्ल्यात काय चुकतं तेही आकड्यांत बघा. P2 कर्णाच्या रेषेत १९ मिमी आत घेतली की दोन्ही कर्ण २८.३०२ होतील, सगळे खूश. पण P1–P2 होईल २३.९८९ आणि समोरची P3–P4 राहील २४.००९. P2–P3 होईल १४.९९८, समोरची १५.००६. समोरासमोरच्या लांब बाजूंत २० मिमी फरक असलेला चौकोन आयत नसतो, कर्ण कितीही सारखे असोत. शिवाय चारही खुंट्या मुळात ३० मिमी भलत्या जागी आहेत, त्या तशाच राहणार. मिस्त्रींचा दोष नाही. दोरी आणि गुण्याने लाइन मारताना पहिली बाजू पक्की धरून उरलेले दोन कोपरे कर्णाने जुळवायची पद्धत बरोबरच आहे. को-ऑर्डिनेटच्या कामात मात्र प्रत्येक कोपऱ्याला स्वतःचा पत्ता असतो. एका कोपऱ्याची चूक दुसऱ्याकडे ढकलून ती मिटत नाही.

कॉन्स्टंट बदलल्यावर खुंट्या टेपने ३० मिमी मशीनकडे सरकवून मोकळे होऊ नका. चारही परत मारा. परत मारताना प्रत्येक खुंटी मशीनच्या दिशेने ३० मिमीच सरकली पाहिजे. एखादी ३० ऐवजी ४१ सरकली, तर तिथे आणखी एक वेगळी चूक लपलेली होती.

मारायच्या पद्धतीबद्दल मोजकंच सांगतो, कारण बाकी तुम्हाला जमलंय. घरून निघतानाच एक्सेलमध्ये चार बाजू आणि दोन कर्ण काढून ठेवा. A मध्ये नाव, B मध्ये E, C मध्ये N, दुसऱ्या ओळीपासून P1 ते P4. P1–P3 साठी:

```
=SQRT((B4-B2)^2+(C4-C2)^2)
```

तुमच्या यादीत दोन्ही कर्ण √८०१ म्हणजे २८.३०२ येतात आणि बाजू नेमक्या २४.००० आणि १५.०००. म्हणजे यादी चोख आहे, ड्रॉइंगवर संशय नको. हे आधी करण्याचं कारण असं, की आर्किटेक्टकडून येणारी यादी कधी भिंतीच्या बाहेरच्या कडेची असते, कधी कॉलमच्या सेंटरची, आणि एकाच यादीत दोन्ही मिसळलेली मी पाहिली आहे. तेव्हा बाजू २४.००० ऐवजी २३.८८५ निघते आणि चूक टेबलावरच कळते.

पहिल्या खुंटीचा कोन आणि अंतरही हाताने काढून खिशात ठेवा. तुमच्या बाबतीत T1 वरून P1 ३३°३५'००" आणि २२.३२७ मीटर. स्टेक आउट उघडल्यावर स्क्रीनवर हेच दिसलं तर स्टेशन आणि पॉइंट दोन्ही नीट भरलेत.

दांडा कलण्याची चूक फार मोठी असते आणि लोक ती मशीनच्या माथी मारतात. दीड मीटर उंचीचा दांडा अर्ध्या अंशाने कलला तर टोकाला १३ मिमी फरक पडतो. तोच मिनी प्रिझम खिळ्यापासून १५ सेंटीमीटरवर धरला तर जेमतेम १ मिमी. पन्नास मीटरवर ५ सेकंदाच्या मशीनचा कोनातला फरकही १ मिमीच्या जरा वर जातो, म्हणजे लंबा दांडा वापरणं हे चांगल्या मशीनचे पैसे वाया घालवणं आहे. खुंटीचा माथा मशीनमधून दिसेल इतपतच जमीन साफ करून घ्या, जमेल तितका प्रिझम खाली धरा. खुंटी ठोकून झाली, तिच्या डोक्यावर पेन्सिलने जागा काढली, खिळा मारला, की त्या खिळ्यावर परत एक रीडिंग घेऊन सेव्ह करा. खिळा ठोकताना लाकडाच्या गाठीवरून तो ४-५ मिमी सहज घसरतो.

शेवटची खुंटी झाली की मशीन उचलण्याआधी T2 परत साधा. दिशा सुरुवातीशी १० सेकंदांच्या आत जुळली नाही तर मधल्या काळात ट्रायपॉडचा पाय खचलाय. भराव केलेल्या मुरमावर, दुपारी, हे हमखास होतं.

मग टेप. तुम्ही सकाळी आठला मोजलंत ते उत्तम केलंत. स्टीलचा टेप २० अंश तापमानाला आणि साधारण ५ किलोच्या ओढीला खरा असतो, ते त्याच्यावर छापलेलंही असतं. दुपारच्या उन्हात टेप ४० अंशांवर गेला तर २८.३ मीटरला तो साडेसहा मिमी लांबतो आणि माप तेवढं कमी दाखवतो. दोन्ही कर्णांना हे सारखंच लागू होतं, म्हणून कर्णांतला फरक दुपारीही खरा असतो, पण कर्णाची लांबी सकाळीच तपासावी. उताराचं तसं नाही. मशीन आडवं अंतर देतं, टेप जमिनीबरोबर जातो. कर्णाच्या दोन टोकांत ६० सेंमी चढ असेल तर टेप ६ मिमी जास्त दाखवेल. एकाच कर्णाखाली चढ असेल, तर लाइनआउट चोख असूनही कर्ण जुळणार नाहीत आणि तुम्ही दिवसभर भलतीकडे शोधत बसाल. तेव्हा खालचं टोक ओळंब्याने वर घेऊन टेप आडवा धरायचा. फायबरचा टेप या कामाला आणूच नका.

किती फरक चालेल? २४ × १५ च्या साध्या आरसीसी इमारतीला मी बाजूत ३ मिमी आणि दोन कर्णांत ५ मिमीपर्यंत सोडतो. स्टील स्ट्रक्चरचे अँकर बोल्ट असतील तर याच्या निम्म्यावर येतो. कर्णातल्या फरकाचा अर्थ काय, हे मनात यायला एक सोपा हिशेब आहे. चारही बाजू बरोबर असताना, कर्णांतला फरक गुणिले कर्ण, भागिले लांब बाजूची दुप्पट. फरक १० मिमी असेल तर १० × २८.३ ÷ ४८, म्हणजे जवळजवळ ६ मिमी. P3–P4 ही मागची बाजू आपल्याच रेषेत ६ मिमी सरकली आहे, एवढं इमारत गुण्यातून बाहेर. पण ही अट लक्षात ठेवा, बाजू बरोबर असतील तरच. तुमच्यासारख्या वेळी हा हिशेब लावला तर P3–P4 जवळपास ११ मिमी सरकल्याचं उत्तर येईल आणि ते साफ खोटं असेल. म्हणूनच नुसते कर्ण कधी मोजू नयेत. पुढची आणि मागची बाजू वेगळ्या लांबीची पण समांतर आणि मधोमध असेल, तर कर्ण सारखेच येतात आणि आकार मात्र सुपाचा असतो.

आता ज्या चुका टेपलाही दिसत नाहीत, त्यांच्याबद्दल. बाजू जुळल्या, कर्ण जुळले, याचा अर्थ एवढाच की आयत चांगला आहे. तो प्लॉटवर कुठे पडलाय, हे कर्ण सांगत नाहीत.

माझ्या हातून घडलेलं सांगतो. एका साइटवर जागा अडचणीची होती म्हणून बॅकसाइट फक्त २२ मीटरवर घेतली होती, आणि इमारतीचा मागचा कोपरा मशीनपासून ६० मीटरवर. बॅकसाइटच्या खिळ्यावरून आदल्या रात्री खडीचा डंपर गेला होता. वॉचमनने सकाळी चांगल्या मनाने तो खिळा ओढून सरळ केला, भोवती नवीन लाल रंगही लावला. खिळा बाजूला ४० मिमी सरकला होता. मी बॅकसाइटचं अंतर तपासलं, एक मिलिमीटरसुद्धा फरक नाही. असणारच नाही, कारण २२ मीटरवर आडवं ४० मिमी सरकलं तर अंतर ०.०४ मिमीसुद्धा बदलत नाही! पण दिशा बदलते. २२ मीटरला ४० मिमी म्हणजे ६० मीटरला १०९ मिमी. अख्खी इमारत मशीनभोवती फिरली. कर्ण २ मिमीत जुळले, मी सही केली, चहा प्यालो.

दुसऱ्या दिवशी पोकलेन लागल्यावर सहज मागच्या कुंपणापर्यंत टेप टाकला तर ३ मीटरचं सामासिक अंतर २.८९ येत होतं. एक चर खोदून झाली होती, ती भरावी लागली. जोता तपासणीपर्यंत कुणाच्या लक्षात आलं नसतं तर फाउंडेशन फोडायची वेळ होती.

त्या दिवसापासून मी बॅकसाइट झाल्यावर तिसरा माहितीतला बिंदू स्टेक आउटमध्ये उघडतो आणि तिथे प्रिझम धरतो. तो T1–T2 च्या रेषेत नको, बाजूला हवा. ५ मिमीत जुळला तरच कोपऱ्यांकडे वळतो. आणि बॅकसाइट नेहमी सगळ्यात लांबच्या कोपऱ्यापेक्षा लांब घेतो. तुमच्याकडे T2 ४८.४ मीटरवर आहे आणि P3 ५०.५ वर, म्हणजे जेमतेम बरोबरी. जमलं तर आणखी लांबचा एक बिंदू करून घ्या.

याच तिसऱ्या बिंदूने E आणि N ची अदलाबदलही पकडली जाते. कॅडमध्ये X आधी म्हणजे E आधी, आणि बऱ्याच मशीनवर N आधी विचारतात. एकदा कॉलम उलटे गेले की स्टेशन, बॅकसाइट, कोपरे सगळेच उलटे जातात. गंमत अशी, की अंतरं एकही बदलत नाहीत. बॅकसाइट जुळते, बाजू जुळतात, कर्ण जुळतात. फक्त इमारत आरशात बघितल्यासारखी पलीकडे पडते. तुमच्या यादीत P1 हा T2 च्या डावीकडे ५२°२२' वर आहे, अदलाबदल झाली तर तेवढाच उजवीकडे जाईल. उघड्या मैदानात हे लगेच दिसतं. पण इमारत चौरसाच्या जवळ जाणारी असेल आणि बेसलाइन प्लॉटच्या मधून जात असेल, तर दिसत नाही.

तिसरा बिंदू नसेल तर निदान मोजणीच्या हद्दीच्या खुणांपासून दोन कोपऱ्यांची सामासिक अंतरं टेपने घ्या आणि मंजूर नकाशाशी ताडा. दोन कोपरे एकमेकांसमोरचे घ्या, कर्णाच्या टोकांचे. माप हद्दीच्या दगडापासून घ्यायचं, कुंपणापासून नाही. कुंपण हद्दीवर असेलच असं नाही.

एवढं झाल्यावर चारही कोपरे खोदाईत जाणार आहेत, म्हणून बुरज्या बांधून रेषा बाहेर घेऊन ठेवा. खड्ड्याच्या काठापासून दीड-दोन मीटर सोडून बांधा, नाहीतर पोकलेनचा बकेट पहिल्याच फेरीत एखादी घेऊन जातो. बुरजीवरचा खिळा दोरीने वाढवून मारण्यापेक्षा कॅडमध्ये रेषा वाढवून त्याचे को-ऑर्डिनेट काढा आणि मशीनने मारा. पीसीसी झाल्यावर बुरज्यांवर दोऱ्या ताणून, जिथे छेदतात तिथून ओळंबा सोडून, कोपरे खाली उतरवा आणि तिथे परत सहाही मापं घ्या. खाली वारा नसतो, पृष्ठभाग सपाट असतो, टेप जमिनीवर टेकलेला असतो, त्यामुळे ही मापं वरच्या मापांपेक्षा चांगली येतात.

तूर्तास T2 वर मिनी प्रिझम धरून काय आकडा येतो तेवढं कळवा. तो ४८.३५१ च्या ऐवजी ४८.३८१ आला तर माझं निदान चुकलं. तसं असेल तर आधी टेपचं पहिलं टोक बघा. हुक झिजलाय म्हणून कुणी १० सेंमीवर धरून मोजत असेल आणि वजा करताना गडबड करत असेल, तर टेप बदलून P2–P4 परत मोजा. तोही २८.३२१ च आला, तर चारही खुंट्यांवर मशीनने दोन्ही फेसला रीडिंग घेऊन त्यांचे को-ऑर्डिनेट इथे टाका.